वर्गणी नको, पंचवीस हजार हवेत

आमच्या भागात कॉलेजच्या गॅदरिंगसाठी पैसे जमवायची एक ठरलेली पद्धत आहे. पावतीपुस्तक छापायचं, चार-पाच जणांनी मेन रोडच्या एका टोकापासून सुरुवात करायची आणि दुकानादुकानात जाऊन हसत उभं राहायचं. दुकानदार गल्ल्यातून शंभर काढतो, ओळखीचा असला तर दोनशे एक्कावन. आकडा तोच ठरवतो, कारण आपण विचारलेलाच नसतो. आपण म्हणतो, 'काका, तुमच्या मर्जीनं द्या.' मग मर्जी तेवढीच असते. गणपती, दुर्गादेवी, शिवजयंती, भागवत सप्ताह आणि मध्येच आपण. त्याच्या हिशेबात सगळं एकाच खात्यावर पडतं: चंदा.

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं आमचं कॉलेज, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेलं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्नेहसंमेलन समितीत हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. आधीच्या टीमचं पावतीपुस्तक मी पाहिलं. पावत्या भरपूर, रक्कम किरकोळ, आणि शेवटच्या आठवड्यात साउंडवाल्याला ॲडव्हान्स द्यायलाही पैसे नाहीत. म्हणून आम्ही कोणाकडे जाण्याआधी वहीत खर्च मांडला. तीन दिवसांचा सगळा मिळून १,४०,००० रुपये. फीबरोबर घेतलेल्या गॅदरिंगच्या शुल्कातून कॉलेज ६०,००० देणार होतं. उरले ८०,०००. ते असे वाटले: एक मुख्य प्रायोजक २५,००० चा, दोन १५,००० चे आणि पाच जण पाच-पाच हजारांचे. म्हणजे आठ दुकानं. अख्खा मेन रोड फिरायची गरज नव्हती, पण या आठांकडे पत्र घेऊन, वेळ ठरवून जावं लागणार होतं.

बाकी सात जमले त्यांचं फार सांगण्यासारखं नाही. मुख्य प्रायोजक कसा मिळाला तेवढं सांगते.

पहिला प्रश्न होता, जायचं कोणाकडे. आमचा सचिव म्हणत होता, सराफ किंवा मोटरसायकलची एजन्सी. दोन्ही ठिकाणी सगळेच जातात, आणि तिथं बोर्डावर आपलं नाव आणखी एक. माझ्या डोक्यात बसस्टँडजवळचं ठिबक-तुषारचं दुकान होतं. ठिबकचे संच, स्प्रिंकलरचे पाइप, मोटारपंप असं सगळं तिथं मिळतं. त्यांच्याकडे कोणी वर्गणीपलीकडे काही मागायला गेलेलं नव्हतं. कॉलेजची पोरं काय ठिबक घेणार, असं सगळ्यांना वाटायचं.

पण घरी कसं चालतं ते मला माहीत होतं. ठिबकवर अनुदान पाहिजे तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तेव्हा सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक हे सगळं लागायचं. अर्ज मार्गी लागला की पूर्वसंमती येते, ती आल्यावरच संच घ्यायचा, मग बिल अपलोड करायचं, मग शेतात तपासणी आणि त्यानंतर पैसे. हे सगळं मोबाइलवर आमच्या घरी कोण करतं? बाबा नाही करत. मी करते. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी हीच गत आहे. म्हणजे ठिबकवाल्याचं गिऱ्हाईक बाप असलं, तरी अर्ज पोराच्या हातात असतो. अर्जात चूक झाली आणि पूर्वसंमती अडकली तर नुकसान शेतकऱ्याचं, आणि दुकानदाराची विक्रीही तिथंच अडकते. आमच्या पत्रात विकण्यासारखं काही असेल तर ते हेच होतं.

त्यांच्याकडे फोन करून गेलो. वेळ मुद्दाम दुपारी तीनची मागितली. सकाळी गावाकडून माणसं येतात आणि संध्याकाळी हिशेब असतो, त्या वेळात कोणी ऐकून घेत नाही. तरी काउंटरवर पोचताच ऐकलंच.

'काऊन वो पोरीहो, चंदा मांगाले आल्या का? गल्ल्यावर पोट्टं हाय, दोनशे एक्कावन घ्या अन् पावती ठेवून जा.'

मी म्हटलं, 'काका, वर्गणी नको. पंचवीस हजारांचं पत्र आणलंय. पाच मिनिटं वाचा, नाही पटलं तर आम्ही चहाही न घेता जातो.'

रक्कम तोंडानं आधी सांगायची हे आम्ही ठरवूनच गेलो होतो. आकडा दुसऱ्या पानावर लपवला की वाचणारा तोच शोधत राहतो, मधलं काही वाचत नाही. काकांनी चष्मा लावला. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर होतं, जावक क्रमांक टाकलेला, खाली प्राचार्य आणि गॅदरिंगच्या प्रभारी सरांची सही. मजकूर एका पानाचा:

प्रति,
मा. संचालक, (दुकानाचं नाव)

विषय : वार्षिक स्नेहसंमेलनाचे मुख्य प्रायोजकत्व, रु. २५,०००/-

महोदय,
आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन दि. २१ ते २३ जानेवारी या काळात होत आहे. त्यासाठी आपण मुख्य प्रायोजक व्हावे व रु. २५,०००/- (अक्षरी पंचवीस हजार फक्त) जाहिरात खर्च म्हणून द्यावेत, ही विनंती. आमचे बहुतेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील आहेत व ठिबक अनुदानाचे ऑनलाइन अर्ज अनेक घरी तेच भरतात.

या रकमेच्या बदल्यात महाविद्यालय पुढील गोष्टी देईल : प्रवेशद्वारावर १० × ६ फुटांचा फ्लेक्स, तिन्ही दिवस १० × १० फुटांचा स्टॉल, टेबल, दोन खुर्च्या व वीजजोडणीसह, दुसऱ्या दिवशी ठिबकचा अर्ज कसा भरावा यावर आपल्या माणसाचे वीस मिनिटांचे मार्गदर्शन, मंचावरून दररोज तीन वेळा उल्लेख, पारितोषिक वितरणात आपला सत्कार. महाविद्यालयाच्या आवारात ठिबक, तुषार वा पाइप विकणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही दुकानाची जाहिरात वा स्टॉल नसेल.

आपल्या रकमेचा विनियोग : ध्वनी व प्रकाश व्यवस्था रु. १५,०००, पारितोषिके रु. ७,५००, आपला स्टॉल व फ्लेक्स रु. २,५००.

रक्कम महाविद्यालयाच्या नावे धनादेशाने द्यावी. रु. १५,००० मंजुरीवेळी व रु. १०,००० दि. १४ जानेवारीपर्यंत. दोन्हींची पावती दिली जाईल. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत छायाचित्रे व खर्चाचा तपशील आपणांस सादर करू.

शेवटचे २,५०० रुपये सरांना खटकले होते. प्रायोजकालाच सांगायचं की तुमच्या पैशातले एवढे तुमच्याच फ्लेक्सवर जाणार? मला ते लिहायचंच होतं. आमच्याकडे फ्लेक्स बारा रुपये चौरस फूट. गेटवरचा साठ फुटांचा आणि स्टॉलवरचा सहा बाय तीनचा मिळून ७८ फूट, म्हणजे ९३६ रुपये. मांडववाल्यानं स्टॉलचे दिवसाला पाचशे सांगितले, तीन दिवसांचे १,५००. बेरीज २,४३६. फायदे फुकट पडत नाहीत. पाच हजार देणाऱ्यालाही मोठा फ्लेक्स आणि स्टॉल कबूल केला तर त्याच्या पैशातला अर्धा त्याच्यावरच जातो. म्हणून पाच हजारवाल्यांना आम्ही फक्त कार्यक्रमपत्रिकेत नाव आणि एकदा उल्लेख एवढंच दिलं.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. मग खिशातला पेन काढला आणि सत्काराच्या ओळीवर सरळ रेघ मारली.

'शाल-नारळ घेऊन काय करू? घरी पेटी भरली हाय शालीनं. स्टॉल कुठी देता थे सांगा.'

आम्ही मंचाच्या उजवीकडची जागा सांगितली. सगळ्यांची नजर जाते, असं आमचं गणित. काका हसले. 'मंचाजवळ डीजे वाजन. मी मानसाले काय सांगू अन् त्याले काय ऐकू येईन? मले गाड्या लावता ना तुमी, तिथं जागा द्या.' बक्षिसं बघायला आलेला बाप मोटरसायकल लावताना आणि काढताना, दोन्ही वेळा तिथून जाणार. ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नव्हती. आम्ही तिथंच पत्रावर हातानं बदल केला, दोघांनी सह्या केल्या, आणि सत्काराच्या जागी स्टॉल 'पार्किंगशेजारी' असं लिहिलं.

मग रक्कम. 'पंधरा घ्या, बाकी सगळं तसंच ठेवा.' याला काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. रक्कम कमी करायची तर फायदेही कमी करायचे, नुसता आकडा उतरवायचा नाही. म्हणून मी सांगितलं, पंधरात जमतं, पण पंधरा देणारे दोघं असणार आहेत. मग दुसऱ्या पाइपवाल्याला नाही म्हणता येणार नाही, आणि मार्गदर्शनाची वीस मिनिटंही राहणार नाहीत. काका बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या समोरच्याच लाइनीत दुसरं पाइपचं दुकान आहे, हे आम्हाला माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही. पंचवीसवर हो झालं. माझ्या मते सगळ्या पत्रात सर्वात जास्त किंमत असलेली ओळ ही होती, आणि तिला कॉलेजचा एक रुपया लागला नाही.

एक मागणी मात्र त्यांनी वेगळीच टाकली. सगळ्या मुलांचे व्हॉट्सॲप नंबर गावानुसार पाहिजेत. आमचा सचिव 'देऊन टाकू' म्हणणारच होता. प्रभारी सरांना तिथूनच फोन लावला. सरांनी स्पष्ट नाही म्हटलं: मुलांनी नंबर ॲडमिशनसाठी दिलेत, दुकानाला द्यायला नाही. हे काकांना जसंच्या तसं सांगितलं, पण सोबत दुसरा मार्गही सांगितला. स्टॉलवर एक वही ठेवा. ज्याला ठिबकची माहिती पाहिजे तो स्वतःच्या हातानं नाव, गाव, नंबर लिहील. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, 'थे बरं हाय. फुकटचे नंबर लावून शिव्याच खाव्या लागते.'

पैसे देताना आणखी एक गाठ आली. काका रोख द्यायला तयार होते, तेव्हाच्या तेव्हा, रबर बँड लावलेलं बंडल. आम्हाला मोह झाला हे खरं. पण त्यांचा हिशेब लिहिणारे अकाउंटंट शेजारच्या टेबलावर होते, त्यांनीच अडवलं. धंद्याचा खर्च एका माणसाला किंवा संस्थेला एका दिवसात दहा हजारांवर रोखीनं दिला, तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. चेकनं दिला आणि पत्रात 'जाहिरात खर्च' असं लिहिलेलं असलं तर तो दुकानाच्या खर्चात बसतो. नुसतं 'देणगी' लिहिलं असतं तर त्याचे नियम वेगळे. त्यांनी आम्हाला आणखी एक विचारलं, रक्कम तीसच्या वर तर जाणार नाही ना? जाहिरातीच्या एका व्यवहारात तीस हजारांच्या वर गेलं की टीडीएस कापायचं बघावं लागतं. पंचवीसमध्ये ती भानगड नव्हती. आम्ही पंचवीस काही हे बघून ठरवलं नव्हतं, पण पुढे कोणी आकडा ठरवत असेल तर त्यानं बघावं.

चेक कॉलेजच्या नावाचा. कोणाही विद्यार्थ्याच्या फोनपे-गुगलपेवर एक रुपया घ्यायचा नाही, हा नियम सरांचा होता आणि मला तो फार आवडला. मागच्या कुठल्यातरी वर्षी एकाच्या खात्यावर पैसे आले आणि ते नक्की कशाचे यावरून दोन महिने भांडण चाललं होतं, अशी कथा कॉलेजात अजून ऐकू येते.

दुसरा चेक १४ जानेवारीला नाही आला. संक्रांत होती, दुकान बंद. आम्हाला दोन-तीन दिवस धाकधूक झाली, कारण साउंडवाल्याला त्याच पैशांतून द्यायचं होतं. तगादा लावायचा की नाही यावर टीममध्ये मतभेद झाले. शेवटी आम्ही तगादा न लावता गेटच्या फ्लेक्सचं प्रूफ घेऊन गेलो. नाव, नंबर, चिन्ह बरोबर आहे का बघून सही करा, म्हटलं. मोबाइल नंबरचा एक आकडा चुकला होता, तो काकांनीच पकडला. सही झाली आणि चेकबुकही बाहेर आलं. प्रूफवर सही घेणं तसंही गरजेचं होतं. छापल्यावर चूक निघाली असती तर ते सातशे वीस रुपये आमच्या बोकांडी बसले असते.

गॅदरिंगच्या पहिल्या दिवशी सकाळी काकांचा फोन, आवाज चढलेला. 'काय ठरलं होतं आपलं? गेटसमोरच त्याचा फ्लेक्स लागला हाय!' जाऊन बघतो तर खरंच. रस्त्याच्या पलीकडे एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स, आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंमध्ये समोरच्या पाइपवाल्याचं नाव दुकानासकट. पुढाऱ्याच्या फ्लेक्सला हात लावायची हिंमत कोणाची होणार? काकांना पत्र दाखवलं. त्यात 'महाविद्यालयाच्या आवारात' असं लिहिलं होतं आणि रस्ता आमच्या आवारात येत नाही. काकांना ते मान्य होतं, पण तोंड काही सरळ झालं नाही. सरांनी मग मांडववाल्याला सांगून गेटवरची कमान चार फूट पुढे ओढायला लावली. आत येणाऱ्याला काकांचा फ्लेक्स आधी दिसायला लागला आणि पलीकडचा कमानीच्या बांबूआड गेला.

स्टॉलवर काकांनी जे मांडलं होतं ते मला अजून आठवतं. एका निळ्या ड्रममध्ये पाणी, छोटी मोटार, फिल्टर आणि सोळा एमएमच्या दोन नळ्या मातीच्या ट्रेवर पसरलेल्या. एका नळीचे ड्रीपर साफ, दुसरीचे क्षारानं चोंदलेले. एकीखाली माती सारखी ओली, दुसरीखाली मध्येमध्ये कोरडे पट्टे. माणसं उभी राहून ते बघत होती आणि मग स्वतःच विचारत होती की चोंदलेलं साफ कसं करायचं. फ्लेक्सकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं मार्गदर्शन आम्ही रांगोळी स्पर्धेचा निकाल लागायच्या आधी ठेवलं, म्हणजे कोणी उठून जाणार नाही. त्यांचा माणूस अर्जातल्या तीनच गोष्टींवर बोलला: सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे, बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे, आणि पूर्वसंमतीच्या आधीची तारीख असलेलं बिल चालत नाही. वीस मिनिटांची चाळीस झाली. तिसऱ्या गोष्टीवर मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, 'आमचं तर बिल आधीच फाडलं ना सर!' तो संध्याकाळी वडिलांना घेऊन स्टॉलवर दिसला.

मंचावरचे उल्लेख मात्र आम्हाला बरोबर जमले नाहीत. निवेदन करणाऱ्यांच्या हातात पहिल्या दिवशी कागदच नव्हता, तीनच्या जागी एकच उल्लेख झाला. मी ते अहवालात तसंच लिहिलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चार-चार वेळा नाव घ्यायला लावलं. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं सगळं काकांनी काही ऐकलं नाही, पण मागितलं असतं तर दाखवायला होतं.

पंधरा दिवसांच्या आत चार फोटो, खर्चाचा कागद, पावत्यांच्या झेरॉक्स आणि स्टॉलची वही असं सगळं एका फाइलमध्ये घालून दिलं. वहीत पहिल्या दिवशी ११ नावं, दुसऱ्या दिवशी ३४, तिसऱ्या दिवशी, म्हणजे पारितोषिक वितरणाला, ८८. एकूण १३३. काकांनी फोटो बाजूला सारले आणि वही उघडली. गावांची नावं बोटानं खाली खाली बघत गेले, दोन-तीन नावांवर थांबले, पोराला हाक मारून ती कागदावर उतरवायला सांगितली.

मग म्हणाले, 'पुढच्या साली पहिले दोन दिवस स्टॉल नका देऊ. फक्त बक्षिसाच्या दिवशी द्या, अन् ते मार्गदर्शन बी त्याच दिवशी. पंधरा देतो.'

स्टॉलचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पंधराचं नाही. दोन दिवसांचा स्टॉल कमी झाला तर आमचे हजारच वाचतात. दुसऱ्या पाइपवाल्याला बाहेर ठेवायची अट मात्र तिन्ही दिवस तशीच राहणार. आणि ८८ नावं ज्या दिवशी आली तो दिवस त्यांना पूर्ण मिळणार, तोही वीस मिनिटांसकट. पुढच्या टीमच्या मुलीला मी वहीची झेरॉक्स देऊन सांगितलंय की बावीसपासून बोलायला सुरुवात कर आणि वीसच्या खाली उतरू नकोस.